सेकंडहँड ३०७० घ्यायचंय: स्कोअर कसा वाचायचा, माइनिंगचं कार्ड कसं ओळखायचं

दादा, एक सेकंडहँड आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड मिळतंय. विकणारा म्हणतो फक्त गेमिंगला वापरलंय, बिल फेब्रुवारी २०२१ चं आहे. त्याने कार्डचा वेग मोजणाऱ्या टाइम स्पाय टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवला त्यात स्कोअर ११,९०० आहे, पण मी जिथे जिथे बघितलं तिथे ३०७० चा १३,६०० च्या आसपास दाखवतात. म्हणजे कार्ड क्रिप्टोच्या माइनिंगमध्ये घासलंय का? फोटोत तर एकदम चकाचक दिसतं, चारही पोर्टच्या प्लास्टिकच्या टोप्या पण जागेवर आहेत. माझ्याकडे रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ६५० वॉटचा सप्लाय आणि १४४०पी मॉनिटर आहे, सध्या जीटीएक्स १६६० वर चालवतोय. तेवढ्याच पैशात सेकंडहँड आरएक्स ६७०० एक्सटी पण मिळतंय. काय करू?

*

स्कोअर बघून घाबरू नकोस, टोप्या बघून मात्र थोडा सावध हो. दोन्ही नीट सांगतो.

आधी स्कोअर. टाइम स्पाय चालवलं की तीन आकडे येतात, एक ग्राफिक्सचा, एक सीपीयूचा आणि वर मोठ्या अक्षरात दिसतो तो या दोघांचा मिळून एकूण स्कोअर. लोक स्क्रीनशॉट पाठवताना तो मोठा आकडाच पाठवतात आणि कार्डांच्या तुलनेत जो आकडा छापतात तो बहुतेक वेळा फक्त ग्राफिक्सचा असतो, त्यामुळे तू दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवून बघतोयस. एकूण स्कोअरमध्ये ग्राफिक्सला ८५ टक्के आणि सीपीयूला १५ टक्के वजन असतं, पण ती साधी सरासरी नाही, हार्मोनिक सरासरी आहे, म्हणजे दोघांतला जो कमजोर असेल तो स्कोअर जास्त खाली ओढतो. आता समज विकणाऱ्याकडे पण तुझ्यासारखाच रायझन ५ ३६०० आहे, त्याचा सीपीयू स्कोअर साधारण ७,००० येतो. मग कार्ड एकदम ठणठणीत असून ग्राफिक्स स्कोअर पूर्ण १३,६०० आला तरी हिशोब असा होतो:

```
1 / (0.85/13600 + 0.15/7000) ≈ 11915
```

बघ, तोच आकडा आला. हेच कार्ड १४,००० सीपीयू स्कोअरच्या मशिनमध्ये घातलं तर एकूण स्कोअर १३,६५० च्या वर जाईल, कार्ड तेच. तर विकणाऱ्याला सांग की पूर्ण स्क्रीनचा फोटो पाठव, त्यात ग्राफिक्स स्कोअर, कार्डचं नाव, सीपीयूचं नाव आणि तारीख सगळं दिसायला हवं. ग्राफिक्स १३,२०० ते १३,९०० च्या मधे कुठेही असला तरी मला चालेल, कंपनीनुसार आणि कूलरनुसार एवढा फरक पडतोच. १२,५०० च्या खाली असेल तर काहीतरी आहे, मग ते अगदी साधंही असू शकतं, म्हणजे पॉवर लिमिट कमी करून ठेवली असेल किंवा मागे काहीतरी चालू असेल, पण कारण सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

अजून एक लक्षात ठेव, टाइम स्पायला मेमरी फार लागत नाही, त्यामुळे ८ जीबी कमी पडतायत का हे या टेस्टमध्ये कधीच दिसणार नाही. म्हणून मी टाइम स्पायकडे "कुठलं कार्ड घेऊ" यासाठी बघतच नाही, "समोर असलेलं कार्ड त्याच मॉडेलच्या बाकी कार्डांसारखं चालतंय का" एवढ्यासाठीच बघतो, आणि त्या कामाला ती फार चांगली आहे.

कुठलं कार्ड घेऊ यासाठी गेम्सचे आकडे बघायचे, पण ते पण तुझ्या मशिनवर आणून बघायचे. रिव्ह्यू करणारे मुद्दाम सगळ्यात वेगवान सीपीयू लावतात, म्हणजे कार्ड कशानेही अडू नये, आणि ते बरोबरच आहे कारण त्यांना कार्ड मोजायचं असतं. तुझा ३६०० मात्र काही गेम्समध्ये आधीच अडेल. किती अडेल हे तू आज घरी बसून काढू शकतोस, नवीन कार्ड नसताना सुद्धा. तू जो गेम सगळ्यात जास्त खेळतोस तो लाव, सेटिंग तशीच ठेव, फक्त रेझोल्यूशन ७२०पी वर आण किंवा रेंडर स्केल ५० टक्के कर, आणि गर्दीच्या जागी दोन मिनिटं फिरून एफपीएस बघ. समज १४४०पी ला तुला ४५ मिळत होते आणि आता ९० झाले आणि कार्डचा वापर ९९ टक्क्यांवरून ७० वर आला, तर ते ९० म्हणजे तुझ्या सीपीयूचं छत आहे. मग रिव्ह्यूमध्ये एखादं कार्ड त्या गेमला १३० दाखवत असलं तरी तुला ९० च्या आसपासच मिळणार, आणि १०० देणारं स्वस्त कार्ड आणि १३० देणारं महाग कार्ड यात तुझ्यासाठी काहीच फरक नाही. रेझोल्यूशन खाली आणून पण कार्ड ९९ टक्क्यांवरच असेल तर सीपीयूचं छत अजून वर आहे, अजून खाली आणून बघ. १४४०पी ला काम मुख्यतः कार्डवर पडतं त्यामुळे तुला हा त्रास १०८०पी वाल्यांपेक्षा कमी होईल, पण मोजून घे.

आणि सरासरी एफपीएसच्या शेजारी जो छोटा आकडा असतो ना, एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेम्सचा एफपीएस, तो आधी वाच. सरासरी ७२ आणि लो ५८ असेल तर गेम मऊ चालतो, सरासरी ८० आणि लो ३१ असेल तर दर थोड्या वेळाने एखादी फ्रेम ३२ मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त अडकून येते आणि हाताला झटका जाणवतो. ८ जीबीची कार्डं कमी पडायला लागली की पहिलं लक्षण इथे दिसतं, सरासरी ठीकच राहते आणि लो कोसळतो, कारण टेक्स्चर कार्डच्या मेमरीत मावत नाहीत आणि सिस्टिमच्या रॅममधून पीसीआय स्लॉटवरून आणावे लागतात. चार्टवर एफपीएस वाढवून देणारं डीएलएसएस, एफएसआर किंवा फ्रेम जनरेशन चालू होतं का हे पण बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते चालू असलेले आकडे आणि बंद असलेले आकडे एकत्र तोलू नकोस.

आता माइनिंग. यावर लोकांचे दोनच गट आहेत, एक म्हणतो माइनिंगचं कार्ड हातात धरू नका आणि दुसरा म्हणतो माइनिंगने काही होत नाही उलट कार्ड जपलं जातं. माझं मत असं की कार्डचे कुठले भाग झिजतात ते बघ, मग या भांडणात पडायची गरजच उरत नाही.

इथेरियम माइनिंगला कार्डचा कोअर फार लागत नव्हता, मेमरीची बँडविड्थ लागायची. त्यामुळे समजूतदार माइनर कोअरचं व्होल्टेज आणि पॉवर कमी करायचे आणि मेमरी ओव्हरक्लॉक करायचे. ३०७० गेममध्ये २२० वॉट खातं, तेच माइनिंगमध्ये नीट सेट केलं की १२०–१३० वॉटमध्ये सेकंदाला सुमारे ६ कोटी हॅश द्यायचं. म्हणजे कोअरवर गेमिंगपेक्षा कमी ताण आणि तापमान दिवसरात्र जवळपास एकसारखं. गेमिंगमध्ये कार्ड ३५ अंशांवरून ७५ वर जातं, परत खाली येतं, रोज दोन चार वेळा, आणि या सततच्या प्रसरण आकुंचनाने चिपखालचे सोल्डरचे सांधे थकतात, ते माइनिंगमध्ये खूप कमी होतं. इथपर्यंत दुसऱ्या गटाचं बरोबर आहे.

पण मेमरी चिप्स ओव्हरक्लॉक होऊन तासन् तास तापलेल्या असतात, त्यांच्यावरचे थर्मल पॅड वाळतात किंवा त्यातलं सिलिकॉनचं तेल पाझरून बाहेर येतं, आणि पंखे तर ७०–८० टक्के वेगाने कधी थांबतच नाहीत. तुझ्याच केसचा हिशोब करू. बिल फेब्रुवारी २०२१ चं. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला प्रूफ ऑफ वर्क, म्हणजे माइनिंगवर चालणारी पद्धत, सोडली आणि त्या दिवशी कार्डांवरचं इथर माइनिंग संपलं. हे कार्ड पहिल्या दिवसापासून त्या दिवसापर्यंत रिगवर, म्हणजे दिवसरात्र माइनिंग करणाऱ्या मशिनवर, असेल तर पंखे सुमारे १३,८०० तास फिरले. रोज तीन तास खेळणाऱ्याला एवढे तास भरायला साडेबारा वर्षं लागतील. म्हणून माइनिंगच्या कार्डात पंखा आणि पॅड आधी जातात, मग मेमरी, आणि कोअर सगळ्यात शेवटी. पंखे बदलता येतात, पॅड बदलता येतात, मेमरी चिप बदलणं मात्र घरचं काम नाही, तेव्हा तपासणीचा सगळा जोर मेमरीवर ठेव.

त्या बिलाच्या तारखेतून अजून एक गोष्ट कळते. मे २०२१ पासून एनव्हिडियाने ३०६० टीआय, ३०७० आणि ३०८० च्या नव्या कार्डांत इथेरियमचा वेग साधारण निम्मा करणारी मर्यादा घातली, त्यांना एलएचआर म्हणायचे. फेब्रुवारी २०२१ चं ३०७० त्या आधीचं, म्हणजे माइनर लोकांना हवं होतं तेच. यावरून हे कार्ड माइनिंगलाच होतं असं सिद्ध होत नाही, तेव्हा गेमर्सनी पण घेतलीच होती, आणि उलट एलएचआर असलं की माइनिंग झालंच नसेल असंही नाही कारण २०२२ मध्ये ती मर्यादा सॉफ्टवेअरने पूर्ण मोडली होती. पण विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता कार्डच बघायचं एवढं तरी नक्की.

आणि म्हणून त्या टोप्या. गेमिंगच्या कार्डला मॉनिटर लावावाच लागतो, रिगवरच्या कार्डाला लावावा लागत नाही. विकताना परत टोप्या लावणारे लोक असतात, त्यामुळे लगेच आरोप करू नकोस, टोपी काढ आणि टॉर्च मारून पोर्टच्या धातूवर आत बघ. वर्षानुवर्षं केबल लागलेल्या पोर्टच्या कडेला बारीक चरे असतातच. चारही पोर्ट आतून कोरे आणि दुसऱ्या बाजूला हीटसिंकच्या पात्यांत खोल घट्ट बसलेली धूळ, असं एकत्र दिसलं तर गेमिंगची गोष्ट खरी नाही. मग मी विकणाऱ्याला सरळ विचारेन, बाबा माइनिंगला होतं का, किती महिने, मेमरी किती वाढवली होतीस, पॅड कधी बदललेस. जो मोकळेपणाने सांगतो त्याच्याकडून माइनिंगचं कार्ड घ्यायला मला काही अडचण वाटत नाही, जो खोटं बोलतो त्याच्याकडून गेमिंगचं कार्ड पण घेऊ नये.

बाहेरून बघताना चकाचक दिसण्यावर जाऊ नकोस, जुनं कार्ड अति स्वच्छ असेल तर ते धुतलेलं असू शकतं. धुतलेल्या कार्डाची खूण कडेला मिळते, पोर्टच्या पत्र्यावर आणि स्क्रूंच्या डोक्यावर गंज, पीसीबीवर म्हणजे सर्किट बोर्डवर चिप्सच्या पायाशी पांढरट पावडर, स्टिकर फुगलेले किंवा कडा सुटलेल्या. मग कार्ड आडवं धरून पीसीबी आणि हीटसिंकच्या फटीतून टॉर्च मारून बघ. मेमरी चिप्स कोअरच्या भोवती असतात, तिथे तेलकट ओघळ दिसला तर पॅड पाझरलेत, हे मरणाचं लक्षण नाही पण कार्ड खूप तापलं होतं हे कळतं. पॉवरच्या भागाजवळ किंवा मेमरीजवळ पीसीबीचा रंग बाकीपेक्षा तपकिरी पिवळट झाला असेल तर जास्त वाईट. हे लपवायला मेमरी चिप्सवर रंग मारून विकलेली कार्डं पण सापडली आहेत, त्यामुळे चिपवरची अक्षरं अस्पष्ट किंवा काळा रंग नको तेवढा नवा वाटला तर तिथेच थांब. कूलरच्या स्क्रूंवर ओरखडे म्हणजे कार्ड उघडलं होतं, त्यात गैर काही नाही, पॅड बदलायला उघडावंच लागतं, फक्त ते बरोबर बसवलंय का हे पुढे तापमानात बघायचं. स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी आणि तिच्या वरचे बारीक कपॅसिटर शाबूत आहेत का बघ, माइनिंगमध्ये कार्डं स्लॉटपासून लांब न्यायला रायझरच्या केबलवर लावतात आणि ओढाओढीत ते उडतात. पंखा बोटाने हलकेच वर खाली हलव, थोडा खेळ असतो पण खडखड नको.

आता चालवून बघायचं, आणि हे शक्यतो तुझ्याच मशिनमध्ये किंवा विकणाऱ्याच्या मशिनमध्ये तुझ्या समोर. तासभर लागेल, आधीच सांगून ठेव. जो तासभर द्यायला तयार नाही त्याचं कार्ड सोडून दे, कारण खराब मेमरी थंड कार्डावर पाच मिनिटांत दिसत नाही.

पहिलं काम, कार्डची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर आफ्टरबर्नर उघडून सगळं रिसेट कर, म्हणजे पॉवर लिमिट १०० टक्के, कोअर आणि मेमरी शून्य. विकणाऱ्याने मेमरीचं घड्याळ, म्हणजे तिचा वेग, खाली ओढून ठेवलं असेल तर खराब चिप्स त्यात झाकल्या जातात. मग कार्डची माहिती दाखवणारं GPU-Z उघड. Shaders समोर 5888 पाहिजे. 5120 दिसलं तर ते लॅपटॉपची चिप डेस्कटॉपच्या बोर्डावर बसवलेलं कार्ड आहे, माइनिंगच्या काळात अशी बरीच बनली आणि नंतर ३०७० म्हणून विकली गेली. मेमरी GDDR6, 8192 MB, बस 256 bit. Bus Interface च्या शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी टेस्ट चालू कर आणि लोडवर काय दिसतं ते बघ, तुझ्या बी४५० वर x16 3.0 आलं पाहिजे, ४.० येणार नाही आणि त्याने काही बिघडत नाही. पण x8 किंवा x4 आलं तर कार्ड काढून, पट्टी पुसून, परत नीट बसवून बघ, तरीही तेच आलं तर पट्टी किंवा ते कपॅसिटर गेलेत. आधी तुझं १६६० त्याच स्लॉटमध्ये x16 दाखवतंय ना हे घरी बघून ठेव म्हणजे वाद नको.

मग टाइम स्पाय लागोपाठ तीन वेळा. पहिल्या आणि तिसऱ्या ग्राफिक्स स्कोअरमध्ये एक दोन टक्के फरक पडतोच, कार्ड तापलं की घड्याळ थोडं खाली येतं. समज पहिला १३,५५० आणि तिसरा १३,३८० आला, तर घसरण सव्वा टक्क्याची, एकदम चांगलं. पहिला १३,५०० आणि तिसरा १२,६०० आला तर जवळजवळ सात टक्के गेले, म्हणजे उष्णता बाहेर जात नाहीये. टाइम स्पाय ज्यात येतं त्या थ्रीडीमार्कच्या स्वतःच्या स्ट्रेस टेस्टची पास व्हायची रेघ ९७ टक्के स्थिरता आहे, तीच डोक्यात ठेव.

त्यानंतर युनिजिन हेवन ही दुसरी टेस्ट १४४०पी ला अल्ट्रावर लावून अर्धा तास सोड आणि GPU-Z चं सेन्सरचं पान उघडं ठेव. घड्याळ १,८०० ते १,९५० मेगाहर्ट्झच्या मधे, पॉवर २०० वॉटच्या वर, कोअर ६५ ते ७५ अंश. सगळ्यात महत्त्वाचं, GPU Temperature आणि Hot Spot, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, यांच्यातलं अंतर. ३०७० मध्ये ते १० ते १५ अंश असतं. कोअर ७० आणि हॉटस्पॉट ८३, ठीक. कोअर ७० आणि हॉटस्पॉट ९८, तर पेस्ट वाळलीये किंवा कोणीतरी चुकीच्या जाडीचे पॅड लावल्यामुळे कूलर कोअरवर पूर्ण टेकत नाहीये. "नुकतेच नवीन पॅड टाकलेत" असं सांगितलेल्या कार्डात हे मुद्दाम बघ, अर्धा मिलिमीटर जाडी चुकली तरी हे होतं. कार्डचा वापर ९९ टक्के आणि पॉवर १४० वॉटलाच अडकलीये असं दिसलं तर PerfCap Reason मध्ये, म्हणजे वेग कशाने अडलाय त्या रकान्यात, काय येतंय बघ, बायॉस दुसरा टाकलेला असू शकतो, दोन बायॉसचं बटण असेल तर ते फिरवून परत मोज.

३०७० मध्ये एक अडचण आहे, तिची साधी जीडीडीआर६ मेमरी स्वतःचं तापमान सॉफ्टवेअरला सांगत नाही. ३०७० टीआय, ३०८० आणि ३०९० मध्ये जीडीडीआर६एक्स आहे, तिथे Memory Junction Temperature दिसतं आणि ११० ला कार्ड स्वतःला आवरतं, त्यामुळे तिथे पॅडची अवस्था लगेच कळते. तुला मात्र मेमरी दुसऱ्या बाजूने तपासावी लागेल. कार्ड हेवनने तापलेलं असतानाच ओसीसीटी नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर उघड आणि त्यातली व्हीरॅमची टेस्ट वीस मिनिटं चालव, जेवढी मेमरी देता येईल तेवढी देऊन. शून्य एरर पाहिजे. एक जरी आली तरी घ्यायचं नाही, "एकच तर आहे" असं समजू नकोस, मेमरी स्वतःहून बरी होत नाही. आणि स्कोअर इथे परत कामी येतो, या मेमरीत पाठवताना झालेली चूक ओळखून डेटा परत पाठवायची सोय असते, त्यामुळे मेमरी हद्दीवर आली की कधी कधी चित्र अगदी स्वच्छ दिसतं आणि फक्त वेग पडतो. तापमान छान, घड्याळ छान, पॉवर छान आणि तरीही ग्राफिक्स स्कोअर ८–१० टक्क्यांनी कमी, तर माझा संशय मेमरीवर जाईल. चित्रात रंगीत ठिपके, चौकोनांची जाळी, क्षणभर काळी स्क्रीन यातलं काही दिसलं तर मग विचार करायलाच नको. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर पण उघडून बघ, nvlddmkm नावाच्या नोंदी तुझ्या टेस्टच्या वेळेतच पडल्या असतील तर ड्रायव्हर पडून उठलाय.

शेवटी पंखे. आफ्टरबर्नरमधून ३०, ६० आणि १०० टक्के करून प्रत्येक वेगाला कान देऊन ऐक. वाऱ्याचा आवाज चालतो, टकटक किंवा घरघर नको, आणि कमी वेगाला ती जास्त ऐकू येते म्हणून ३० सोडू नकोस. फक्त पंखाच खराब असेल आणि बाकी सगळं पास असेल तर मी कार्ड घेईन, पण त्या मॉडेलचे पंखे मिळतायत का हे आधी बघून आणि तेवढे पैसे कमी करून. चारही पोर्टना मॉनिटर लावून बघ, रिगवरच्या कार्डात हे कोणीच कधी तपासलेलं नसतं.

तुझा ६५० वॉटचा सप्लाय चांगल्या कंपनीचा असेल तर ३०७० ला पुरतो, एनव्हिडियाने पण तेवढाच सांगितलाय. दोन आठ पिनची कनेक्टर असतील तर दोन वेगळ्या केबल लाव, एकाच केबलच्या दोन शेपट्या लावू नकोस.

राहिलं ६७०० एक्सटी. ते मार्च २०२१ मध्ये आलं, म्हणजे माइनिंगच्या ऐन काळात, त्यामुळे "एएमडी आहे म्हणून माइनिंगचं नसेल" असं धरू नकोस आणि वरची सगळी तपासणी त्यालाही कर. फरक एवढाच की टाइम स्पायचा ग्राफिक्स स्कोअर १२,५०० च्या आसपास येईल, मेमरीचं तापमान दिसेल, आणि कोअर आणि हॉटस्पॉटमधलं अंतर ३०७० पेक्षा मोठं असणं तिथे साधारण गोष्ट आहे, एएमडीने हॉटस्पॉटची हद्दच ११० ठेवलीये, तरी ९५ च्या खाली राहिलेलं बरं.

दोन्ही कार्डं तपासणीत पास झाली तर तुझ्या मशिनसाठी मी ६७०० एक्सटी घेईन. सरासरीत ३०७० थोडं पुढे आहे पण तो फरक खेळताना कळत नाही, १२ जीबी आणि ८ जीबी यांतला फरक १४४०पी ला नव्या गेम्समध्ये कळतो, आणि तो त्या एक टक्का लो मध्ये कळतो. शिवाय डीएक्स१२ च्या गेम्समध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर सीपीयूवर थोडा जास्त भार टाकतो, ३६०० सारख्या जुन्या सीपीयूवर तो जाणवू शकतो. रे ट्रेसिंग लावून खेळायचं असेल, डीएलएसएस हवं असेल किंवा ब्लेंडरसारखं काम करायचं असेल तर मात्र उलट, मग ३०७० घे आणि टेक्स्चर अल्ट्राऐवजी हायवर ठेव. आणि दोघांतलं एकच पास झालं तर हा सगळा विचार बाजूला ठेवून जे पास झालं ते घे, नाहीतर १६६० वर अजून महिनाभर काढ आणि तिसरं कार्ड बघ.